एका भागाची एक पिशवी

विमलाने भिजवलेल्या साबुदाण्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तशीच दोन पावलं मागे सरली. शी! सुकटीचा वास! दाण्यादाण्यात मुरलेला, ओला, कुबट. सुकट, वाळवलेली बारीक कोळंबी, म्हणजे तिच्या घरची लाडकी वस्तू, पण सोमवारी पहाटे, उपासाच्या साबुदाण्यात?

आंबोलीच्या पार्वतीबाई माजघरात आन्हिक करत होत्या. सात वाजता कुणकेश्वरला निघायचं, त्याआधी खिचडी, असं ठरलं होतं. विमलाच्या मालवणातल्या ह्या राहण्या-जेवणाच्या घरी त्या पहिल्यांदाच उतरल्या होत्या. "घर बरं वाटलं तर आमचं आख्खं भजनी मंडळ दरवर्षी तुझ्याकडेच," असं काल रात्री म्हणाल्या होत्या. विमलाला ते मंडळ हवं होतं, आणि त्याहून जास्त, त्या बाईंचा उपास आपल्या हातून मोडायला नको होता.

"अहो!" तिने नवऱ्याला हाक मारली. "ह्या काय करून ठेवलात?"

रविकांत दाराशी आला. आठवड्याची यादी करणं हा त्याचा मान. विमला पदार्थ सांगायची, तो फोनवर प्रत्येकाचं सामान लिहायचा, मग सगळं एकत्र करायचा. सोलकढीला दोन नारळ, घावन्यांसोबतच्या रसाला एक, सुकटीच्या किसमुरीला एक, झाले चार; घरात एक आहे, म्हणून तीनच आणायचे. दाण्याचं कूट खिचडीला एक वाटी, काकडीच्या कोशिंबिरीला अर्धी, म्हणजे पाव किलो दाणे. मग भाजी, दूध, किराणा असे भाग पाडायचे आणि कुडाळच्या बाजारात एका भागाची एक पिशवी भरायची. इथवर शहाणा होता हो! पण ह्या खेपेला सुकट त्याने किराण्यात टाकली होती.

"सुक्यो वस्तू त्यो! वेगळो भाग कित्याक व्हयो?" तो म्हणाला. "सुकटीचो कागद फाटलो बाजारात. साबुदाण्याची पुडी पण फुटली. सगळा एकत्र झाला."

"आनि तुमी तोच भिजत घातलात?"

"निवडलंय गो. तीनदा धुवलंय. कोणाक कळाचा नाय."

हे ऐकून तिला वासापेक्षाही जास्त किळस आली. रात्री साबुदाणा भिजत घालायचं काम त्याचंच, म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. कोळंबीचे पाय, डोळे वेचून काढले आणि गप्प झोपला. तिने दाण्यांची बरणी उघडली, नाक लावलं. तोच वास. जिऱ्याची पुडी, तोच. त्या पिशवीतलं सगळंच हातातून गेलं होतं. दुकानं उघडायला अजून दोन तास होते.

"माज्या घरात पावनी बसली आसा उपाशी, आनि तुमी तिका ह्या खाऊक घालतलात?" तिचा आवाज चिरकला. "लाज वाटूक नाय?"

भाजीची पिशवी तेवढी वेगळी होती. तिच्यात रताळी होती, केळी होती. नारळही होते. तिने रताळी उकडली, ओलं खोबरं आणि डब्यातला जुना गूळ घालून वाटीत दिली, केळं सोलून ठेवलं. पार्वतीबाईंना तिने खरं काय ते सांगून टाकलं, सुकटीसकट. बाईंनी नाकाला पदर लावला, मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. रताळी पुरेत." आणि वाटी संपवून गाडीत बसल्या. मंडळाचं काही बोलल्या नाहीत.

गाडी गेल्यावर रविकांत पाटावर येऊन बसला. सोमवारचा उपास त्याचाही. काल रात्रीच म्हणाला होता, "माका खिचडी नको, दोन रताळी ठेव." तेव्हा विमलाला वाटलं होतं, पोट बिघडलं असेल. आता लख्ख कळलं.

तिने परसातल्या चुलीवर जुन्या कढईत तोच साबुदाणा परतला, तेच दाणे, तेच जिरं. ताट आणून त्याच्या पुढ्यात आदळलं.

"रताळी खंय?"

"पावन्यांक दिलंय. खावा."

त्याने घास उचलला. नाकाजवळ येताच हात थांबला, तोंड वाकडं झालं, घास ताटात पडला.

"वास येता गो," तो म्हणाला. "माजो उपास आसा."

"तीनदा धुवलात ना?" विमला त्याच्यासमोर बसून राहिली. "खावा. कोणाक कळाचा नाय."