फिल्म काढल्यावर

यामिनीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. क्युपर्टिनोतल्या तिच्या नव्या किचनमध्ये सिंकखालच्या कपाटाच्या दोन शटरांमधली, म्हणजे दारांमधली, फट वर बारीक आणि खाली रुंद होती. हँडल नसल्यामुळे बोटं घालायला वर जी खाच होती, तीही एका शटरची तिरकी दिसायची. पण किचन बसवणाऱ्या सौमित्रचं एकच पालुपद होतं, "वहिनी, शटरच्या चकचकीत ॲक्रिलिकवर अजून प्लास्टिकची फिल्म आहे ना, म्हणून तसं वाटतं. ती काढली की बघा."

"जाऊ दे ना यार," तिचा नवरा राजीव म्हणायचा, "उगाच इश्यू करतेस."

आज दोघांना मागे उभं करून ती खाली बसली आणि काळ्या शटरांवरची फिल्म तिने टराटरा ओढून काढली. फट होती तशीच वाकडी होती.

"आता बोला! बिजागरीचा स्क्रू फिरवायचा तुम्हाला कंटाळा, आणि दोष माझ्या डोळ्यांना?"

इतके दिवस धुरकट असलेल्या शटरमध्ये आता सगळं किचन लख्ख दिसत होतं. राजीव कपाळापाशी बोट गोल गोल फिरवत होता आणि सौमित्र ओठ दाबून हसत होता.

यामिनीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"सौमित्र, फिनिश झकास आहे, अगदी आरसा. आता स्क्रूड्रायव्हर काढा. आणि राजीव, ते बोट खाली घे."