चारपैकी

माझ्या हृदयात नवी झडप बसवल्यापासून दर आठवड्याला रक्त तपासायला हॉस्पिटलात जावं लागतं. नवरा गेलेला, घरात मी आणि मुलगी. त्यामुळे त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली, तेव्हा आम्ही दोघी तिच्यावर डोळा ठेवून बसलो. ती मिळाली नाही, तर मुलीला दूरच्या शहरातली नोकरी धरावी लागणार होती.

ती बायोडेटा करायला बसली. शिक्षणाच्या तक्त्यात दहावी ८८ टक्के, बारावी ८३ टक्के, पदवीपुढे सीजीपीए ३.४/४.

"आमच्या वेळी नुसतं 'द्वितीय श्रेणी' लिहिलं की भागायचं," मी म्हटलं. "कुणी खोलात शिरत नसे."

"मज्जा होती तुमची! आमच्या युनिव्हर्सिटीनं टक्क्यांचं सूत्रच दिलेलं नाही. मनानं टक्के काढले तर कागद तपासताना पकडतात. गुणपत्रिकेवर आहे तेच लिहायचं."

एवढी शहाणी पोरगी! पण रकाना अरुंद होता आणि ते '/४' सारखं खालच्या ओळीत घसरत होतं. पान बेंगरूळ दिसायला लागलं. टापटिपीत ती थेट बापावर गेलेली. तिनं ते '/४' उडवून टाकलं आणि बायोडेटा पाठवला.

मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. शेवटी गुणपत्रिका घेऊन आम्ही भरतीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी तिचा बायोडेटा काढला.

"बारावीला त्र्याऐंशी आणि पदवीला तीन पॉइंट चार? आम्हाला किमान सहा हवे होते."

"मॅडम, ते चारपैकी आहेत."

बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि चष्मा काढला. "अगं, मग लिहायचं ना चारपैकी! बाकी सगळ्यांचे दहापैकी होते. तू पहिल्या पाचात आली असतीस."

"आता काही नाही का होणार?" मी विचारलं.

"जागा भरली, काकू. ती मुलगी रुजूसुद्धा झाली."

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, पान छान दिसत होतं गं." तिला रागवायला तोंड उघडलं, तर मलाच रडू फुटलं.

ती त्या दूरच्या नोकरीवर गेली. रोज फोन करते, गोळी घेतली का विचारते. मी घेतली म्हणते.

आज लॅबमध्ये नवीन मुलगी होती. तिनं माझा हात मांडीवर घेतला, शीर चाचपली. मनात आलं, हिला सापडू नये. दोनदा टोचावं, तीनदा टोचावं, मग मी सगळ्यांसमोर बोलेन, माझी पोरगी असती तर असं झालं नसतं.

"दुखलं का, काकू?" तिनं विचारलं.

कापूस दाबून झालासुद्धा होता. मला कळलंही नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझा हात हलका आहे."