विजूच्या चेहऱ्यावरचा हात

चिखलीत आबांच्या खोलीखाली वर्कशॉपची पत्रा दाबायची प्रेस दिवसभर धाडधाड वाजते. रविवारी ती बंद असली की ज्योतीरामआबांना करमत नाही. अशाच एका रविवारी नातू समर्थ लॅपटॉपवर चित्रं काढत होता आणि आबा त्याच्या शेजारी येऊन टेकले. रिकामं बसून राहिले असते तर बरं झालं असतं, पण रिकाम्या माणसाला कुठे स्वस्थ बसवतं?

समर्थनं एक घर काढलं. मग घरापुढे म्हैस काढली, चांगली ऐसपैस. दार, खिडकी सगळं झाकलं गेलं.

"घर गेलं की रं," आबा म्हणाले.

"नाही गेलं. म्हैस वेगळ्या लेयरवर आहे. काचेवर म्हैस काढून ती काच घरावर ठेवलीय, असं समजा." बाजूला लेयरची नावं होती, प्रत्येकापुढे डोळ्याचं एक छोटं चित्र. त्यानं म्हशीपुढचा डोळा दाबला. म्हैस नाहीशी झाली आणि मागे घर जसंच्या तसं.

आबांनी त्याला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग उठले आणि कपाटातल्या बायकोच्या साडीच्या घडीतून एक जुना फोटो घेऊन आले.

गावाकडच्या, भूममधल्या एका लग्नातला फोटो. मंगलाष्टकं चाललेली, सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर गेलेले. पुढे तरणेबांड ज्योतीराम, त्यांच्यामागे बायको दुर्गाबाई आणि तिच्या कडेवर विजयश्री, त्यांची थोरली लेक विजू. फ्रॉक दिसतोय, पैंजणाचे पाय दिसतायत. चेहऱ्यावर नेमका बापाचा पंजा आलाय.

त्याच वर्षी पोर तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नाही. समर्थचे वडील तिच्यानंतरचे. दुर्गाबाई होती तोवर विजूच्या गोष्टी काढायची, पण तीही गेली. आता विजूला पाहिलेलं माणूस म्हणजे एकटे आबा, आणि हल्ली त्यांनाही तिचा चेहरा आठवेना. पोटच्या पोरीचा चेहरा विसरलो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माझा हात तेवढा काढ," आबा म्हणाले. "म्हशीवानी."

समर्थनं मोबाइलनं फोटोचा फोटो घेतला आणि लॅपटॉपवर उघडला. बाजूला एकच नाव आलं, एकच डोळा.

"आबा, हा सगळा एकच लेयर आहे. कॅमेऱ्याला हात दिसला. हातामागचं त्याला दिसलंच नाही."

"आरं, तिथंच हाय ती. पाय दिसत्यात न्हवं?"

पोरानं स्क्रीनवरचं खोडरबर घेऊन पंजा पुसला. तिथं करड्या-पांढऱ्या चौकटी उमटल्या.

"ह्ये काय?"

"काहीच नाही. तिथं काही नाही, म्हणून चौकटी दाखवतंय."

मग त्यानं पंजा परत आणला आणि दुसरा ब्रश घेतला. आजूबाजूचा तुकडा उचलून हव्या त्या जागी उमटवणारा. हात गेला खरा, पण विजूच्या मानेवर मांडवाचं कापड आलं. आबांना ते बघवेना. तरी बुडत्यानं काडी धरावी तसे ते स्क्रीनला चिकटून बसले.

त्यांचं तोंड बघून समर्थ विरघळला. "अजून एक करता येतं. नेट लागतं. पण ते खरं नसतं, आबा." त्यानं पंजा होता त्या जागेभोवती रेघ ओढली आणि चित्र बनवणाऱ्या एआयला तेवढी जागा भरून द्यायला सांगितलं. थोडा वेळ गेला. मग विजूच्या मानेवर एक चेहरा आला. गालाला खळी, ओठांवर हसू.

आबा स्क्रीनजवळ सरकले. "हीच. हीच माजी विजू."

आबांनी ते खरं मानलं म्हणून समर्थ घाबरला. त्यानं पुढचं बटण दाबलं. दुसरा चेहरा आला, उभट, मोठ्या डोळ्यांचा.

"ही... ही बी तीच वाटती."

तिसरा आला. तोही आबांना विजूचाच वाटला.

"एआयनं लाखो पोरींचे फोटो पाहिलेत," समर्थ हळू आवाजात म्हणाला. "त्यावरून आजूबाजूला जुळेल असं काहीतरी बनवून देतं. विजूआत्याला त्यानं कधी पाहिलेलंच नाही."

"आन् मी?" आबा म्हणाले. "म्या तर बघितलीया की रं."

समर्थनं बटणावरचा हात काढून घेतला.

"पुसून टाक," आबा म्हणाले. समर्थनं केलेलं एकेक उलटं फिरवलं. चेहरे गेले, मांडवाचं कापड गेलं, पंजा जागेवर आला. त्यानं काही सेव्ह न करता ते बंद केलं.

आबा खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. इतकी वर्षं डोळे मिटले की फ्रॉक यायचा, पैंजण यायचे आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नसायचं. त्या रिकाम्या जागेत निदान विजू तरी होती. आता फ्रॉक आला, पैंजण आले आणि वर खळी पडलेली, हसणारी, लॅपटॉपवर पहिल्यांदा आलेली ती पोरगी आली. आबांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. तीच आली.