रेषा कुठे मिळतात

सुचित्रा बर्वेने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा विभागप्रमुखांच्या टेबलावर परत ठेवला.

"या नमुना उत्तरानुसार मी तपासणार नाही, सर," ती म्हणाली. "ते चुकीचं आहे."

डॉ. हेमचंद्र श्रीवास्तव चहात बिस्किट बुडवत होते. ते बिस्किट त्यांनी शांतपणे खाल्लं. उत्तरेतल्या त्या शहरात, चिनहटच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या त्या खासगी कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला होता. इतक्या वर्षांत तिथे त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि एका वर्षाच्या कंत्राटावर घेतलेल्या बाईंनी तर नाहीच.

"सुचित्राजी, पहिल्या वर्षाचा पेपर है," ते म्हणाले. "आप तो पीएचडी का वायवा समझ बैठीं."

भानगड एका आलेखाची होती. हेमचंद्र सरांच्या छापील नोट्स पहिल्या वर्षाची सगळी मुलं वापरत. त्यांतल्या एन्झाइमच्या धड्यात दोन आकृत्यांची शीर्षकं उलटसुलट छापली गेली होती. कधीतरी छापखान्यात झालेली चूक, पण ती कुणी दुरुस्त केली नाही. पुढे सरांनी फळ्यावरही त्या नोट्स बघूनच आकृत्या काढायला सुरुवात केली, आणि हळूहळू चूक हाच धडा झाला. २०१२ च्या फेब्रुवारीतल्या अंतर्गत परीक्षेत नेमका तोच सगळ्यांत मोठा प्रश्न आला. 'ए' तुकडी सरांची होती, तिने नोट्समधलं लिहिलं. 'बी' तुकडी सुचित्राची, तिने सुचित्राने शिकवलं ते लिहिलं. सरांनी काढलेलं नमुना उत्तर नोट्सप्रमाणेच होतं. म्हणजे तिची अख्खी तुकडी बरोबर लिहून नापास होणार होती.

सुचित्राने तो धडा मुलांना चौकातल्या शीरमालच्या, म्हणजे तंदुरात भाजलेल्या केशरी गोड रोटीच्या, दुकानावरून समजावला होता. रांगेत तंदूर आहेत, प्रत्येकावर एक कारागीर. तंदूर म्हणजे एन्झाइम, आणि गिऱ्हाईक म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते सबस्ट्रेट. गिऱ्हाईक थोडं असेल तर गिऱ्हाईक वाढेल तसा कामाचा वेग वाढतो. पण गर्दी कितीही झाली तरी एका मर्यादेपलीकडे शीरमाल निघू शकत नाहीत, कारण सगळे हात कामात गुंतलेले असतात. ती मर्यादा म्हणजे व्ही-मॅक्स. आणि जेवढ्या गर्दीला काम त्या मर्यादेच्या बरोबर निम्म्या वेगाने चालतं, तेवढी गर्दी म्हणजे के-एम. के-एम लहान असेल तर समजायचं, एन्झाइमला थोडं सबस्ट्रेटही पुरतं.

"आता तंदुरासमोर नुसते गप्पा मारायला लोक येऊन उभे राहिले," ती म्हणाली होती. "घेत काही नाहीत, जागा मात्र अडवतात. हा स्पर्धक इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमचं काम रोखणारा. सबस्ट्रेटचीच जागा धरून बसतो. मग काय कराल?"

"खरं गिऱ्हाईक इतकं आणायचं की गप्पावाल्यांना जागाच मिळणार नाही," शगुफ्ता म्हणाली होती. ती मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"बरोबर. म्हणजे व्ही-मॅक्स तेवढाच राहतो. फक्त तिथवर पोचायला गर्दी जास्त लागते, म्हणून के-एम वाढलेला दिसतो. आणि कुणी येऊन काही तंदूरच विझवले तर? मग गिऱ्हाईक कितीही आणा, विझलेला तंदूर पेटत नाही. व्ही-मॅक्स उतरतो. पण जे चालू आहेत त्यांचं काम पहिल्यासारखंच, म्हणून के-एम बदलत नाही. हा अस्पर्धक इनहिबिटर."

मग तिने आलेख काढला होता. आडव्या अक्षावर एक भागिले सबस्ट्रेट, उभ्या अक्षावर एक भागिले वेग. असं केलं की वक्र रेषा सरळ होते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे एक भागिले व्ही-मॅक्स, आणि डावीकडे वाढवली की आडव्या अक्षावर उणे एक भागिले के-एम. "स्पर्धक असेल तर व्ही-मॅक्स सारखा, म्हणून इनहिबिटर असलेली आणि नसलेली रेषा उभ्या अक्षावर मिळतात. अस्पर्धक असेल तर के-एम सारखा, म्हणून डावीकडे आडव्या अक्षावर मिळतात. पाठ करू नका. परीक्षेत विसरलात तर तंदूर आठवा."

मुलांनी ते आठवून लिहिलं होतं, आणि आता त्याचे गुण जाणार होते.

"मी बरोबर उत्तराला बरोबर म्हणणार," तिने सरांना सांगितलं.

"फिर मेरे बच्चे फेल होंगे," ते म्हणाले. "त्यांचा काय दोष? त्यांनी सांगितलं तेच लिहिलं." मग त्यांनी कप बाजूला ठेवला. "तुमचं कंत्राट मे महिन्यात संपतंय. नूतनीकरणाच्या शिफारशीवर सही माझी असते. विचार करा."

धमकीचं तिला काही वाटलं नाही. 'त्यांचा काय दोष' हे वाक्य मात्र घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. 'ए' तुकडीच्या मुलांनी काय पाप केलं होतं?

जानकीपुरमच्या घरी प्रसन्न भाजी चिरत होता. तो जवळच्याच औषधसंशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता आणि भांडणापासून चार हात लांब राहणारा. सगळं ऐकून म्हणाला, "दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाक ना. वर्ष संपतंय."

"दोन्ही बरोबर आहेत का?"

"नाहीत."

"तुझ्या प्रयोगशाळेत कुणी दोन्ही बरोबर म्हणून पुढे गेलं तर चालेल?"

प्रसन्नने विळीवरून हात काढला. "तिथे औषध बनतं, सुचित्रा. इथे गुण आहेत."

"तिथे येणारी मुलं इथूनच जातात," ती म्हणाली. अनघा, त्यांची मुलगी, अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा सही बोल रही है, पापा." तिला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची हिंदीच.

त्या आठवड्याचं प्रात्यक्षिक सुचित्राकडे होतं. तिने दोन्ही तुकड्यांना एकत्र बोलावलं, आणि कशासाठी ते लपवलं नाही. "नोट्स म्हणतात एक, मी म्हणते दुसरं. आज ना नोट्सचं ऐकायचं, ना माझं. नळ्यांना विचारू."

अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम होतं. त्याला एक रंगहीन सबस्ट्रेट दिलं की ते त्याचा फॉस्फेट तोडतं आणि पिवळा रंग उमटतो. रंग जितका गडद तितकं काम जास्त. मुलांनी नळ्यांच्या दोन रांगा लावल्या. दोन्हींत सबस्ट्रेट चढत्या प्रमाणात, दुसऱ्या रांगेत शिवाय साधा फॉस्फेट, जो याच एन्झाइमची जागा अडवतो. ठरलेल्या वेळेला प्रत्येक नळीत अल्कली ओतून काम थांबवलं.

आलेख काढायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं. कमी सबस्ट्रेटच्या नळ्यांत फॉस्फेटवाल्या रांगेचा रंग पार फिका होता. जसजसं सबस्ट्रेट वाढलं तसतशा दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ येत गेल्या, आणि शेवटच्या नळ्या शेजारी धरल्या तर फरक शोधावा लागत होता.

'ए' तुकडीतला गोपीनाथ वर्मा सगळ्यांत आधी आलेखापर्यंत पोचला. वर्गात पहिला येणारा मुलगा. त्याने रेषा मारल्या, पट्टी बाजूला ठेवली आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. रेषा उभ्या अक्षावर मिळत होत्या. एक ठिपका रेषेपासून लांब पडला होता, तो खोडायला त्याने रबर उचललं.

"राहू दे," सुचित्रा म्हणाली. "सबस्ट्रेट सगळ्यांत कमी असतं तिथे छोटी चूकही भागाकारात मोठी होते. ठिपका लपवू नकोस, का लांब पडला ते लिही."

गोपीनाथने रबर खाली ठेवलं. "मॅम, हे खरं असेल तर मला शून्य मिळेल."

"तुला चुकीचं शिकवलं गेलंय. त्याची शिक्षा तुला होऊ नये. पण चुकीला बरोबरही म्हणायचं नाही. फेरपरीक्षा मागा. तुमच्या मागे मी उभी आहे."

तेवढ्यात हेमचंद्र सर दारात आले. दोन्ही तुकड्या एकत्र आहेत हे त्यांच्या कानावर गेलं असावं. त्यांनी गोपीनाथच्या हातातला कागद घेतला, पाहिला, आणि म्हणाले, "प्रयोगातली चूक. विद्यार्थ्यांच्या हातून होतेच."

गोपीनाथने मागे वळून पाहिलं. शगुफ्ताने आपला कागद वर धरला. मग शेजारच्या मुलीने, मग आणखी कुणी.

"सर," गोपीनाथ म्हणाला. "चूक हर एक की अलग होनी चाहिए थी. सगळ्यांच्या रेषा एकाच ठिकाणी कशा मिळाल्या?"

सरांनी कागद परत दिला. दारापर्यंत गेल्यावर ते सुचित्राला म्हणाले, "मुलांना माझ्याविरुद्ध उभं केलंत."

"मी त्यांना नळ्यांसमोर उभं केलं, सर."

फेरपरीक्षेच्या अर्जावर दोन्ही तुकड्यांच्या सह्या होत्या. प्राचार्या लता टंडन इतिहासाच्या होत्या. आलेख त्यांना कळला नाही, पण सरांच्याच तुकडीतली मुलं मिळणारे गुण सोडून फेरपरीक्षा मागतात हे त्यांना कळलं. त्यांनी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना फोन करून विचारलं आणि त्या प्रश्नाची सगळ्यांसाठी फेरपरीक्षा लावली. नोट्सवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचाही आदेश निघाला. हेमचंद्र सरांनी ती चिकटवली, पण चुकीत स्वतःचं नाव न घेता, नुसतं 'मुद्रणदोष' लिहून. फेरपरीक्षेत गोपीनाथ पुन्हा पहिला आला, शगुफ्ताच्या बरोबरीने.

मे महिन्यात सरांनी सुचित्राला बोलावलं. समोर शिफारशीचा कागद होता, सहीची जागा कोरी.

"दोन ओळी लिहून द्या," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता, थकवा होता. "विभागाची शिस्त मोडल्याबद्दल खेद वाटतो, एवढंच. मैं अभी दस्तखत कर दूँगा. तुम्ही चांगलं शिकवता, मला ठाऊक आहे."

क्षणभर तिला त्यांची कीव आली. ते कधीकाळी चांगले शिक्षक होते, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून तिने ऐकलं होतं.

"खेद वाटला असता तर लिहिलं असतं," ती म्हणाली. "आणि सर, चिठ्ठीवर मुद्रणदोष लिहिलंय. फळ्यावर छापखाना नव्हता."

तिने प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पडली. फैजाबाद रोडवर ऊन रणरणत होतं. विक्रम टेम्पो येईपर्यंत ती फाटकापाशी उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, सपाटून.

जूनमध्ये दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखत होती. समितीतल्या एका गृहस्थांनी आधीची नोकरी एका वर्षात का सुटली, असं विचारलं. प्रसन्नने सकाळी निघताना समजावलं होतं, घर लांब पडत होतं म्हणून सांग.

"चुकीच्या उत्तराला गुण द्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी नाही दिले."

गृहस्थांनी चष्मा काढला. "इथेही कुणी तसं सांगितलं तर?"

"तर इथेही नाही."

त्यांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला: आठवड्याला किती तास घेऊ शकाल?