तेलाचा हात

पॉवरहाऊसमधली म्हण: जिथं कुरकुर, तिथं तेल.

दाराशी नागूची वळकटी. दोरीने करकचून बांधलेली.

जयाची भाकरी आज तव्यावरच करपली. तिच्या हातून असं कधी होत नाही.

दुपारी घाटावरून वारं उतरतं.

धाड्‌!

मागच्या खोलीतली खिडकी पुन्हा आपटली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. जयाने तवा उतरवला, भाकरी बाजूला टाकली आणि पदर खोचला. आज एक तर ही खिडकी सुधारेल, नाही तर सासरा नागू चारच्या गाडीने गावाला जाईल. खालापूरकडच्या त्या घरात आता कोणीच उरलं नव्हतं. रात्री दम लागला तर घोटभर पाणी द्यायलाही नाही. आणि जयाने मनाशी ठरवलं होतं की म्हातारा जाणार नाही.

"बंद केली तर जीव गुदमरतो," खाटेवर बसून नागू म्हणाला. "उघडी ठेवली तर छातीत धस्स होतं. गावाला खिडकीच नाय, ते बरं हाय."

"मामा, तुमी गप बसा. गाडीला येळ हाय."

भिवपुरीच्या क्वार्टरमधल्या त्या खिडक्या लोखंडी, बाहेर उघडणाऱ्या. खाली चौकटीत एक पन्हळी, तिच्यात पितळेचा गुटका सरकतो, आणि गुटक्याला जोडलेली पट्टी खिडकीला धरून ठेवते. मागच्या खोलीत ती धरत नव्हती, एवढंच. नागूने सुतळीने बांधून पाहिली होती. वाऱ्याने सुतळी तोडली. एकदा काचही बदलून झाली.

जयाचा नवरा सखा पाळी संपवून आला तो हातात तेलाची झारी घेऊनच. पॉवरहाऊसमध्ये तो ऑइलमन. शर्टालाही तेलाचा वास.

"बिजागरी जाम असंल," तो म्हणाला आणि दोन थेंब सोडले. पन्हळीतही सोडले.

"सख्याच्या घरात उद्या भाकरी बी तळलेली मिळंल," नागू म्हणाला.

"बा, मशीन कसं चालतं, ते मला ठावं हाय."

धाड्‌!

जया स्वयंपाकघरात गेली. तिथली खिडकी अगदी तशीच, तोंडही त्याच बाजूला, आणि ती अर्धी उघडी तशीच्या तशी उभी होती. जयाने तळव्याने ढकलली. कर्र करत, नाखुशीने सरकली आणि जिथं सोडली तिथंच थांबली.

जया तिथूनच ओरडली, "अवो, हितल्या खिडकीला तुमी तेल कधी घातलंत?"

"तिथं तू शिरू देतीस कुठं?"

ती हसतच परत आली. पितळेच्या गुटक्यावर तिने बोट फिरवलं आणि ते सखाच्या नाकासमोर धरलं. बोट चकाकत होतं.

"तुमच्या त्या मोठ्या मशीनला ब्रेक हाय ना? त्याला तेल घालता?"

"ब्रेकला? येडी का काय! धरंल तरी का तो मग?"

बोलता बोलता सखा थांबला. पन्हळीकडे पाहिलं, झारीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून असा मोठ्याने हसला की नागूही खोकत खोकत हसू लागला.

"आयला! जये, मी ब्रेकलाच तेल पाजतोय की गं!"

मग काम झपाट्याने झालं. रॉकेलच्या फडक्याने पन्हळी आणि गुटका पुसला. मग साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने, बोट फिरवलं तरी डाग येणार नाही इतका. गुटक्यात एक स्क्रू होता. सखाने तो थोडा पिळला, खिडकी ढकलून पाहिली. अजून सैल. आणखी थोडा पिळला.

"जास्ती नको," जया म्हणाली. "मामांच्या हाताने उघडली पायजे."

"मग त्यांनाच इचार."

नागू उठला. त्याने एका हाताने खिडकी लोटली. सरकली. हात काढला. थांबली.

कडीचं दुखणं वेगळंच होतं. आपटून आपटून चौकटीवरची खाचेची पट्टी जागची हलली होती, त्यामुळे कडीची जीभ तिच्यात अडकत नव्हती. सखाने पट्टीचे स्क्रू सैल केले, पट्टी जिभेसमोर आणली, पुन्हा आवळली. खिडकी लावून कडी फिरवली. टक्क.

"वादळ सुटलं की कडीच लावायची, बा. गुटक्याच्या भरवशावर सोडायची नाय."

"मला शिकवतो! भात उफणताना जन्मभर वारंच बघत आलोय मी."

खिडकी पुन्हा अर्धी उघडली आणि तिघंही वाट पाहत उभे राहिले. घाटावरून वारं आलं. अंगणातली परडी गडगडत गेली, दोरीवरचा शर्ट ताठ झाला. खिडकी बोटभर हलली. कर्र केलं. उभी राहिली.

नागू खाटेवर टेकला, वाऱ्याकडे तोंड करून. मग दाराकडे पाहत म्हणाला, "जये, ही वळकटी कुणी मधी टाकली गं? येता-जाता पायात येतीया."

"कुणी टाकली कुणास ठावं," म्हणत जयाने दोरी सोडली. चारची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा वळकटी खाटेवर पसरलेली होती.

खिडकीला पहिलं तेल सखाने घातलं होतं, ते बा यायच्या आदल्या दिवशी, त्याच्या हाताला जड जाऊ नये म्हणून.