आधी विचारू

रजया शिवणाऱ्या त्या दुकानात ताईंचा शब्द शेवटचा आणि मास्तरांची कात्री पहिली. लोक जुने कपडे घेऊन येत, मास्तर त्यांचे चौकोन कापत, मागच्या खोलीत तीन मशिनी खडखडत, आणि महिन्याभराने कुणाचा शाळेतला फ्रॉक, कुणाच्या बाबांचा शर्ट रजई होऊन घरी परत जाई. या सगळ्यात धाकटी नवी. नाव तिलाही होतं, पण वयाने सगळ्यांत लहान म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी 'धाकटी' म्हटलं आणि ते चिकटलं. अडीच वर्षांची लेक सासूबाईंच्या हवाली करून ती आठवड्यातून तीन दिवस येई, दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळायला. महिनाभर बघू, जमलं तर ठेवू, असं ताईंनी तोंडावरच सांगितलं होतं.

हॅशटॅगची कल्पना तिचीच. टेबलावर घडी घालून ठेवलेल्या रजईला कोण भुलणार, ती घरात कशी दिसते ते गिऱ्हाइकांनाच दाखवू दे, असं तिचं म्हणणं. एक शब्द ठरवायचा, लोक तो लिहून आपापले फोटो टाकतील, सगळे एका जागी सापडतील. त्यातला सर्वांत छान फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावायचा आणि नव्या माहितीपत्रकावर छापायचा. 'उबदार' तिने आधी शोधून पाहिला, तर त्याखाली कॉफीचे कप, लोकरी मोजे आणि कुणाचं तरी जाडजूड मांजर. दुकानाचं नाव 'ठिगळ'. मग #ठिगळमाझ्याघरी हा शोधला. तो अजून कुणाचाच नव्हता. मास्तर म्हणाले, ठिगळ काय, आमच्या घरी तर ढीगच पडलाय.

नियम तिने पहिल्यांदा अकरा लिहिले आणि सासूबाईंना वाचायला दिले. चौथ्या कलमाला त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे बँकेचं आहे का गं?"

धाकटी हसली, पण त्याच दुपारी लेक झोपल्यावर अकराचे तीन केले. रजईचा फोटो काढा. #ठिगळमाझ्याघरी लिहून, मध्ये जागा न सोडता, आमच्या पानाला टॅग करून टाका. खातं खासगी असेल तर तो आम्हाला दिसणार नाही, तेव्हा दुकानाच्या नंबरवर पाठवा. आणि तिसरा: तुमचा फोटो कुठेही वापरण्याआधी आम्ही विचारू, फोटोत मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना. सासूबाईंनी कुणालाही न विचारता आपल्या पलंगावरच्या रजईचा फोटो टाकून दाखवला. अर्धा अंगठा आला होता त्यात, पण टाकला.

तिसऱ्या नियमावर ताई अडल्या. लोकांनी आपला हॅशटॅग लावला म्हणजे होकार आलाच की, वर आणखी विचारत कशाला बसायचं?

"दाखवलं म्हणजे दिलं नाही, ताई," धाकटी म्हणाली. ताई बरं म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात नऊ फोटो आले, दुसऱ्यात चाळीस. खुर्चीवर पसरलेल्या रजया, त्यांच्याखाली लपलेली कुत्री, एका आजोबांचे फक्त पाय. प्रत्येकाला धाकटी निरोप पाठवी, फोटो कुठे वापरायचाय ते लिही, 'हो' आलं की त्याची नोंद करून ठेवी. आणि मग तो फोटो आला. निळ्या चौकटीच्या रजईवर पालथं झोपलेलं चार महिन्यांचं बाळ, गाल एका खिशावर टेकलेला. मास्तरांनी तो खिसा शर्टावरून न उसवता तसाच ठेवला होता. फोटो पाहून मागच्या खोलीतल्या तिन्ही मशिनी थांबल्या. धाकटीने लगेच विचारलं: हा फोटो पानावर, काचेत आणि माहितीपत्रकावर वापरू का? लगेच उत्तर आलं: हो हो, खुशाल वापरा!

सोमवारी बाळ हातभर रुंद होऊन काचेत आलं. रस्त्यावरून जाणारे थबकू लागले. माहितीपत्रक शुक्रवारी छापायला जायचं होतं, आणि त्याच शुक्रवारी धाकटीचा महिना भरत होता. ताईंनी चहा सांगितला तो तिच्यासाठीही.

बुधवारी फोटो टाकणारीचा पुन्हा निरोप आला. भाची एवढी मोठी दिसतेय, मी काल मुद्दाम येऊन पाहिलं! माझ्या ताईला अजून सांगितलं नाहीये, तिला सरप्राइज देणार आहे.

धाकटीने तो दोनदा वाचला. भाची. म्हणजे ही मावशी. नियम कागदावर होता, पानावर होता, पण 'बाळ तुमचंच ना?' हे विचारायला ती स्वतःच विसरली होती. इतक्या गोड बाळाचा फोटो जी टाकते ती आईच असणार, असं आईच्या मनाने धरून टाकलं होतं.

गप्प बसता आलं असतं. कदाचित बाळाची आई खूशच झाली असती. धाकटीच्या डोळ्यांसमोर मात्र स्वतःची चिमणी लेक आली, कुणा अनोळखी काचेत, अशीच झोपलेली, आणि आपण बाजारातून पिशवी घेऊन येताना ती दिसलेली. तिने आधी पानावरून फोटो काढून टाकला, मग मावशीला लिहिलं की आईला विचारेपर्यंत काचेतलाही काढतो, आणि ताईंपुढे जाऊन उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

ताई उठल्या. स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, काचेतला फोटो चारही कोपऱ्यांनी हलक्या हाताने सोडवला, गुंडाळला. मास्तरांनी स्टूल धरलं होतं. "तो छापखानेवाला गळा काढणार," ते म्हणाले. काढू दे, म्हणाल्या ताई.

गुरुवारी बाळाच्या आईचा निरोप आला. "फोटो नको. कारण सांगावं लागेल का?"

"नाही," धाकटीने लिहिलं. "काढलाय. मोठी प्रत तुम्हाला हवी असेल तर तुमचीच, नाहीतर आम्ही नष्ट करतो. माफ करा, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

काच रिकामी वाईट दिसत होती. ताईंनी तिथे तीन नियमांचा कागद लावायला सांगितला, अक्षर मोठं करून, तिसरा सर्वांत मोठा. त्यावर एक ओळ धाकटीची: ही जागा तुमची आहे, पण आधी विचारू. माहितीपत्रकावर अर्ध्या अंगठ्यासह सासूबाईंची रजई गेली. होकार देण्याआधी त्यांनी दोन वेळा विचारायला लावलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून रुसल्या.

शुक्रवारी दुपारी एक बाई आत आली, छातीशी बांधलेलं बाळ घेऊन. काचेतला कागद तिने बाहेर उभं राहून संपूर्ण वाचला होता. गुंडाळलेला फोटो मागून घेतला, काखेत धरला.

"तिसरा नियम कुणी लिहिला?" तिने विचारलं.

ताईंनी हनुवटीने धाकटीकडे दाखवलं. बाई तिच्याकडे पाहून मान डोलावून गेली, एवढंच. ती गेल्यावर ताई वहीत काहीतरी लिहीत, वर न बघता म्हणाल्या, सोमवारपासून चार दिवस ये, आणि नोंदीत एक रकाना वाढव, 'फोटोतलं मूल कुणाचं'.

घरी आली तेव्हा चिमणी रजईचं घर करून आत बसली होती, फक्त नाक बाहेर. धाकटीचा हात सवयीने फोनकडे गेला. मग ती खाली बसली.

"काढू का फोटो?"

रजईच्या आतून थोडा विचार झाला. "नाही."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि फोन पालथा ठेवून वाकून आत शिरली.