पॅडखालची रेघ

वॉर्डात मला साबणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठ फिरली की. मला ते कळतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही. संसर्ग नियंत्रणाची नर्स म्हणजे अख्ख्या इस्पितळाची सासू. कोणी पेशंटला हात लावण्याआधी हात धुतले, कोणी नाही, कोणी अंगठीवरूनच हातमोजे चढवले, हे कोपऱ्यात उभं राहून बघायचं आणि पॅडवरच्या कागदावर खुणा करायच्या, हे माझं काम. परीक्षेला नेतात तसलं साधं पॅड, वर चिमटा. ते दिसलं की गप्पा मारणाऱ्या नर्सेससुद्धा बेसिनकडे वळतात.

ही सवय मला आत्याने लावली. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि वाढवलं ते आत्यानेच. शाळेतून आले की दारातच अडवायची. "हात दाखव. उलटे कर. अंगठा राहिला." परत मोरीत पाठवायची. अंगठा नेहमी राहतो, हे पुढे नर्सिंग शिकताना मॅडमनी सांगितलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते.

तीच आत्या आता माझ्याच वॉर्डात आठ नंबरच्या बेडवर होती. वय सत्त्याहत्तर, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं, पण नंतर छातीत कफ झाला आणि अँटिबायोटिक सुरू करावं लागलं. तेव्हापासून मला धास्ती होती. कारण वॉर्डात सी. डिफ शिरला होता.

हा जंतू मेला म्हणावा तर मरत नाही. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू गेले, की हा तिथे पाय पसरतो आणि जुलाबांनी माणूस पार गळून जातं. तरण्याताठ्यांचं एक वेळ निभावतं, म्हाताऱ्या माणसांचं सांगता येत नाही. टेबलावर, कठड्यावर, बेलच्या बटणावर तो महिनोन्‌महिने दबा धरून बसतो. सॅनिटायझरला भीक घालत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात आणि खोली क्लोरीनच्या पाण्याने पुसावी लागते.

आठ दिवसांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा रिपोर्ट आला. त्यांना मी तासाभरात एक नंबरच्या वेगळ्या खोलीत हलवलं. दारावर पाटी लावली : आत जाताना गाऊन आणि हातमोजे, बाहेर येताना साबण-पाणी, आत नेलेली वस्तू बाहेर आणायची नाही. थर्मामीटर वेगळा, बीपीचा पट्टा वेगळा. नर्सेसचे पेन आणि मोबाईलसुद्धा मी बाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायला लावले. तरी चार दिवसांनी पाच नंबरच्या बाई आजारी पडल्या. त्यांना दोन नंबरच्या खोलीत नेलं. मी रोज सकाळी वॉर्डात पाऊल टाकायचे ते आधी आत्याचा चार्ट बघायला. शौच किती वेळा, कसं. शून्य किंवा एक असा आकडा दिसला की जीव भांड्यात पडायचा.

काल दुपारी मी एक नंबरच्या खोलीत खुणेचं जेल लावलं. हे जेल वाळलं की डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्या टॉर्चखाली मात्र चमकतं. नीट पुसलं तर जातं, नाहीतर दुसऱ्या दिवशी चुगली करतं. सफाई झाली की नाही हे बघायची आमची ही पद्धत. कठडा, टेबल, बेल, नळ, फ्लश, अशा आठ जागी ठिपके लावले.

आज सकाळी आत्याचा चार्ट बघायच्या आधीच तिथे टॉर्च मारला, तर दोन ठिपके तसेच. बेलवरचा आणि फ्लशवरचा. मी सफाईच्या मावशींना सगळ्या वॉर्डादेखत बोलवून घेतलं.

"हे काय आहे? तुमच्या एका फडक्यापायी उद्या कोणाचा जीव गेला तर?"

"ताई, बेल त्या बाई हातातून सोडतच नाहीत. झोपेतसुद्धा मुठीत. कशी पुसू? फ्लशचं चुकलं, ते कबूल."

"कारणं मला नकोत."

मावशींचा चेहरा उतरला. बादली उचलता उचलता त्या पुटपुटल्या, "सगळ्यांचं सगळं बघता. तुमचं ते पॅड कोण पुसतं, कोण जाणे."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" असं म्हणून मी त्याच पॅडवर मावशींच्या नावाने शेरा लिहिला. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

शाई वाळायच्या आत इनचार्ज सिस्टर समोर आल्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, तेव्हाच मला कळलं.

"आठ नंबर. पहाटेपासून तीन वेळा. पाण्यासारखं."

 हातांना काम पाठ असतं. रिपोर्टची वाट बघायची नाही, संशय आला की हलवायचं. आत्याला तीन नंबरच्या खोलीत नेलं, नमुना पाठवला, डॉक्टरांना फोन केला. गाऊन घालून मी तिच्या कपाळाला हात लावला तर हातमोज्यातूनही चटका बसला.

"एवढी पांढरी का पडलीस?" आत्याने विचारलं. "आजारी मी आहे ना?"

मी काहीतरी हसले आणि साबणाने हात धुऊन बाहेर पडले. आठ नंबरचा पडदा ओढलेला होता. आत मावशी क्लोरीनची बादली घेऊन उभ्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "पुसायच्या आधी मला टॉर्च मारू दे."

मी मनात काय धरून आले होते, तेही सांगून टाकते. एक नंबरच्या खोलीतलं फडकं मावशींनी इथे वापरलं असणार, आणि ते मला पकडायचं होतं. कोणाच्या तरी गळ्यात दोष घातल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

मी दिवा बंद केला. कठडा स्वच्छ. खुर्ची स्वच्छ. लॉकरवर प्रकाश पडला आणि तिथे एक रेघ चमकली. वीतभर लांब, अगदी सरळ, आत्याच्या पाण्याच्या ग्लासाला लागून. फडक्याने अशी रेघ उमटत नाही.

माझी नजर रेघेवरून हातातल्या पॅडकडे गेली. मी ते उलटं केलं. खालच्या कडेला तसाच निळसर पट्टा लखलखत होता.

क्षणात सगळं डोळ्यांपुढे आलं. काल ठिपके लावताना मी पॅड त्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं होतं, ओल्या जेलवर. निघताना ते काखेत मारलं, बेसिनशेजारी ठेवलं, गाऊन आणि हातमोजे काढले, साबणाने हात धुतले, अंगठ्यासकट. आणि त्या धुतलेल्या हातांनी तेच पॅड पुन्हा उचललं. तिथून थेट आत्याकडे. पॅड लॉकरवर ठेवून मी तिचे केस विंचरले होते. काल जेल होतं म्हणून दिसलं. पण गेले आठ दिवस मी रोज हेच करत होते. पाच नंबरच्या बाईंच्या पायथ्याशीही बसले होते मी, पॅड त्यांच्या चादरीवर टेकवून. पेन आणि मोबाईल सगळ्यांचे बाहेर ठेवायला लावले, आणि पॅड माझ्या हिशेबात वस्तू नव्हतीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मावशींनी पण रेघ पाहिली होती. पॅडही पाहिलं होतं. पडद्याआड आम्ही दोघीच. त्यांनी फडकं पिळलं आणि हळूच विचारलं, "पुसू का, ताई?"

एकदा फडकं फिरलं की संपलं असतं. मला त्या क्षणी ते हवं होतं. माझी बारा वर्षांची नोकरी, दरारा, साबणबाई हे नावसुद्धा वाचलं असतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, आत्याचं काही झालं तर ते माझ्या हातून झालं, हे आम्हा दोघींशिवाय कोणाला कळलं नसतं.

पण रेघ पुसली तर पॅड तसंच फिरत राहिलं असतं. वॉर्डात अजून चौदा बेड होते.

"नको," मी म्हटलं. "आधी इनचार्ज सिस्टरना बोलवा. त्यांना बघू दे."

दुपारी डॉक्टर म्हणाले, "जेल म्हणजे जंतू नव्हे. पॅडवरूनच आलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वाट होती, एवढं नक्की." मी मावशींवरचा शेरा खोडला नाही. बेल आणि फ्लश राहिलेच होते. पण बेल का राहिली ते त्याखाली लिहिलं, आणि त्याच्याही खाली माझ्या पॅडची चूक लिहिली. पॅड पिशवीत बांधून फेकून दिलं. आता कागद खोलीबाहेर राहतो, आणि माझी तपासणी वॉर्डातलं दुसरं माणूस करतं. त्याच दिवशी पहिलं नाव मी मावशींचं सुचवलं.

संध्याकाळच्या आत रिपोर्ट आला. सी. डिफ होता. आधीचं अँटिबायोटिक थांबवलं, या जंतूवरचं औषध सुरू झालं. मी गाऊन, हातमोजे घालून आत गेले. सकाळपासून आत्या निम्मी झाली होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. मी तिला सगळं सांगितलं. पॅड, टेबल, लॉकर. सांगता सांगता डोळे भरून आले.

आत्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "रडू नकोस. मोज्यांनी डोळे पुसशील."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. मी तिची छाती वर-खाली होतेय ना, ते बघत उभी राहिले. सलाईनचे थेंब मोजले. वॉर्डातली तिच्या वयाची किती माणसं यातून उठली आणि किती नाही, हे मला पाठ आहे. असलं काही पाठ नसतं तर किती बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दाराशी गाऊन आणि हातमोजे काढून मी बेसिनपाशी आले. मावशी हातात कागद-पेन्सिल घेऊन उभ्या होत्या, अवघडून. मी साबण लावला. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखं.  धुऊन झालं असं वाटून मी कागदी रुमालाकडे हात नेला.

मावशी खाकरल्या.

"ताई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "अंगठा राहिला."

मी नळ पुन्हा सोडला. आतून आत्याच्या कण्हण्याचा आवाज आला. मी अंगठा चोळत राहिले, आणि या वेळी डोळे पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता.